एकाच बिलात वही, रजिस्टर आणि कंपास पेटी: दर महिन्याला चुकणारा जीएसटी कुठे दुरुस्त करायचा

स्टेशनरीचा घाऊक धंदा करणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. बिल बनवलं, माल गेला, आणि चार दिवसांनी पार्टीचा फोन: "शेठ, वहीवर टॅक्स कसा काय लावला? आता माफ आहे ना?" बिल दुरुस्त करून दिलं की पुढच्या महिन्यात उलटं होतं. या वेळी रजिस्टर बिनटॅक्सचं गेलेलं असतं आणि ते सी.ए.कडे रिटर्न भरताना सापडतं. प्रत्येक वेळी तेवढं एक बिल सुधारलं जातं, पण चूक बिलात नसतेच. ती सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत असते, म्हणून दर महिन्याला नव्याने उगवते.

आधी तुमच्याकडे हीच अडचण आहे का ते पाहा. सॉफ्टवेअरमधून मागच्या महिन्याचा एचएसएननिहाय विक्रीचा अहवाल काढा आणि फक्त 4820 या कोडची ओळ शोधा. तुम्ही वह्याही विकता आणि रजिस्टरंही विकता, तर 4820 दोनदा दिसायला हवा: एकदा शून्य टक्क्याने आणि एकदा १८ टक्क्यांनी. एकदाच दिसत असेल तर दोनांपैकी एक माल चुकीच्या दराने जातो आहे. १२ टक्क्यांची ओळ दिसत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ नंतर यादीला कुणी हातच लावलेला नाही. स्टेशनरीतल्या ज्या मालावर आधी १२ टक्के लागायचे, तो त्या दिवसापासून शून्य, ५ किंवा १८ मध्ये गेला.

कोडवरून दर ठरत नाही

बहुतेकांची समजूत अशी असते की एचएसएन कोड सापडला की दर आपोआप कळतो. पुष्कळ मालाच्या बाबतीत हे चालून जातं, पण स्टेशनरीत हमखास फसवतं. कोड एवढंच सांगतो की वस्तू टॅरिफच्या कुठल्या रकान्यात बसते. दर सांगतात त्या अधिसूचना. १७ सप्टेंबर २०२५ ची ९/२०२५ ही केंद्रीय कर (दर) अधिसूचना दरांची आहे आणि त्याच तारखेची १०/२०२५ ही करमाफीची. दोन्हींत कोडसमोर वस्तूचं वर्णन दिलेलं असतं आणि दर त्या वर्णनाला लागतो.

4820 हेच उदाहरण घ्या. टॅरिफमध्ये 4820 10 खाली रजिस्टर, हिशेबाच्या वह्या, नोटबुक, ऑर्डर बुक, पावती पुस्तक, लेटर पॅड, डायरी असं सगळं एकाच रांगेत बसवलेलं आहे. एक्सरसाइज बुक त्याच्या शेजारी 4820 20 मध्ये. करमाफीच्या अधिसूचनेने या कोडमधून नावं घेऊन निवडक माल बाहेर काढला: एक्सरसाइज बुक, ग्राफ बुक, प्रयोगवही आणि नोटबुक. एवढ्यावर कर नाही. बाकी रजिस्टर, रोजमेळ, खतावणी, पावती पुस्तक, डायरी हे १८ टक्क्यांतच राहिले. म्हणजे दोनशे पानी नोटबुक आणि दिवाळीला पुजायची चोपडी यांचे पहिले सहाही अंक एकच असू शकतात आणि तरी एकावर शून्य, दुसऱ्यावर १८ टक्के. इथे चारऐवजी सहा अंक लिहूनही काही सुटत नाही. वर्णन वाचावंच लागतं.

9608 चीही तीच गत आहे. बॉलपेन, मार्कर, रिफिल १८ टक्क्यांत. पण त्याच कोडखाली येणारी मेकॅनिकल पेन्सिल माफीत आहे, कारण माफीच्या यादीतल्या 'पेन्सिल' या नोंदीत तिचा स्पष्ट उल्लेख आहे. साधी शिसपेन्सिल, खडू आणि क्रेयॉन 9609 मध्ये आणि तेही माफ. 4016 मधलं खोडरबर माफ, पण 4016 मधल्या रबराच्या बाकी वस्तू नाहीत. खिशात मावणारं शार्पनर 8214 मध्ये येतं आणि माफ आहे, तर टेबलाला लावायचं हँडलवालं पेन्सिल तासायचं यंत्र 8472 मध्ये जातं आणि त्यावर १८ टक्के. साध्या A4 कागदाचं रीम 4802 मध्ये येतं. वही बनवण्यासाठीचा त्याच जातीचा कागद माफ, तुमच्या दुकानातून झेरॉक्सवाल्याला जाणारं रीम मात्र १८ टक्के.

सगळ्यांत जास्त वाद कंपास पेटीवरून होतो, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. दराच्या अधिसूचनेत मॅथेमॅटिकल बॉक्स, जॉमेट्री बॉक्स आणि कलर बॉक्स यांची नावानिशी नोंद आहे आणि दर ५ टक्के. पण त्याच पेटीतलं कर्कटक किंवा पट्टी सुटी विकली तर ती 9017 मधलं रेखाटन साधन होते आणि दर १८ टक्के. त्यामुळे 'कंपास' या एकाच नावाने पेटीही आणि सुटं साधनही यादीत टाकलेलं असेल तर ते आजच वेगळं करा. काउंटरवरचा पोरगा नाव बघून निवडतो, कोड बघून नाही.

रजिस्टर की नोटबुक, हे कसं ठरवायचं

हा खरा अवघड भाग. कॉलेजची मुलं जाड पुठ्ठ्याची फुलस्केप 'लाँग बुक' नोट्स लिहायला घेतात, आणि तीच दुकानदार उधारीची नोंद ठेवायला घेतात. गिऱ्हाईक ती कशासाठी वापरणार यावरून तुम्ही दर बदलू नका. ते तुम्हाला ठाऊक नसतं आणि सिद्धही करता येत नाही. माल ज्या रूपात बनवला आणि विकला जातो ते पाहा. आत साध्या रेघा, कव्हरवर नाव-इयत्ता-विषय लिहायची जागा आणि उत्पादकाने नोटबुक किंवा एक्सरसाइज बुक म्हणून विकलेला माल असेल तर माफी. आत जमा-नावेचे रकाने, छापील पान क्रमांक, कव्हरवर रजिस्टर किंवा कॅशबुक असं छापलेलं असेल तर १८ टक्के.

मधल्या मालासाठी तुमचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे खरेदीचं बिल. उत्पादकाने त्याला काय नाव दिलं, कोणता कोड लिहिला आणि टॅक्स लावला की नाही ते बघा. त्याने रजिस्टर म्हणून १८ टक्के लावून दिलेला माल तुम्ही नोटबुक म्हणून बिनटॅक्स विकला, तर पुढे तपासणीत उत्तर देणं कठीण जातं. त्याचंच वर्गीकरण चुकलं आहे असं वाटत असेल तर त्याच्याकडून ते लेखी बदलून घ्या आणि तो कागद फाईलला लावा. माल मोठा असेल आणि दोन उत्पादक दोन वेगळे दर लावत असतील तर अ‍ॅडव्हान्स रुलिंग मागण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण फुटकळ मालासाठी तो खटाटोप परवडत नाही.

यादी दुरुस्त करताना

चुकीचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं: कोड आणि दर मालाच्या गटावर लावलेला असतो. 'वह्या' असा गट, त्याला 4820 आणि एक दर, आणि गटातला प्रत्येक माल तोच दर उचलतो. टॅलीत गटावरचा दर पुसा आणि प्रत्येक मालाच्या पानावर `HSN/SAC Details` आणि `GST Rate Details` या दोन्ही ठिकाणी `Specify Details Here` निवडून माहिती भरा. `Taxability Type` मध्ये नोटबुकला `Exempt` लावा. दर शून्य टाकून `Taxable` ठेवू नका. बिलावर दोन्ही सारखंच दिसतं, पण रिटर्नमध्ये तो माल करमाफ विक्रीच्या तक्त्यात न जाता हरवतो आणि बेरजा जुळत नाहीत.

नाव बदलतानाही अधिसूचनेची भाषा वापरा. 'बुक २०० पा.' असं नाव कुणालाच काही सांगत नाही. 'नोटबुक २०० पानी, एकेरी रेघ' किंवा 'रजिस्टर फुलस्केप, पुठ्ठा बांधणी' असं लिहिलं की बिल स्वतःच आपलं वर्गीकरण सांगतं.

कोड किती अंकी लिहायचा हे उलाढालीवर आहे. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर चार अंक लागतात आणि नोंदणी नसलेल्याच्या बिलावर ते ऐच्छिक आहेत. ५ कोटींच्या वर सगळ्या बिलांवर सहा अंक. लहान असलात तरी यादीत सहा अंक भरून ठेवावेत असं माझं मत आहे. मालाचा कोड शोधावा लागतो तो एकदाच.

एक बिल पूर्ण करून पाहू

कोल्हापूरचा घाऊक व्यापारी, गिऱ्हाईक त्याच जिल्ह्यातली एक शिक्षणसंस्था, तिच्याकडे जीएसटी नोंदणी नाही. माल १०,८०० रुपयांचा आणि टेम्पोचं भाडं ५४० रुपये, तेही बिलातच घ्यायचं.

भाड्यापाशी बहुतेकांचं गणित बिघडतं. माल विकणाऱ्यानेच त्या बिलात लावलेलं भाडं, पॅकिंग किंवा हमाली हा मालाच्या किमतीचाच भाग होतो. कलम १५(२) मध्ये अशा अनुषंगिक खर्चाचा उल्लेख आहे. त्यामुळे भाड्याची वेगळी ओळ घालून सरसकट १८ टक्के लावायचे नाहीत. ते मालावर वाटायचं आणि जो मालाचा दर तोच त्या वाट्याचा. कसं वाटायचं याचं सूत्र कायद्याने दिलेलं नाही, पण मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटणं ही सरळ आणि समजावून सांगता येणारी पद्धत आहे. इथे भाडं मालाच्या किमतीच्या बरोबर ५ टक्के आहे, म्हणून प्रत्येक ओळीत ५ टक्के वाढतील.

| माल | कोड | किंमत | भाड्यासह | दर | कर |
|---|---|---|---|---|---|
| नोटबुक, १२० नग × ४० | 4820 | ४,८०० | ५,०४० | माफ | ० |
| रजिस्टर, २० नग × ११० | 4820 | २,२०० | २,३१० | १८% | ४१५.८० |
| पेन्सिल, २० डबे × ५० | 9609 | १,००० | १,०५० | माफ | ० |
| बॉलपेन, १०० नग × ८ | 9608 | ८०० | ८४० | १८% | १५१.२० |
| कंपास पेटी, २५ नग × ८० | 7310 | २,००० | २,१०० | ५% | १०५.०० |

कंपास पेटीला 7310 लावला, कारण ती पत्र्याची आहे आणि उत्पादकाच्या बिलावर तोच कोड होता. 7326 असता तरी दर ५ टक्केच राहिला असता.

आता बिलाच्या तळाशी दरानुसार बेरजा. १८ टक्क्यांचा माल ३,१५० रुपयांचा, त्यावर ५६७. पाच टक्क्यांचा २,१०० चा, त्यावर १०५. करमाफ माल ६,०९० चा. एकूण कर ६७२, आणि विक्री राज्यातल्या राज्यात असल्याने सीजीएसटी ३३६ व एसजीएसटी ३३६. बिलाची रक्कम ११,३४० अधिक ६७२ म्हणजे १२,०१२.

भाड्याला वेगळी ओळ देऊन १८ टक्के लावले असते तर एकट्या भाड्यावर ९७.२० कर झाला असता, वर वाटून लावल्यावर तो ३२ रुपये होतो. आणि 'स्टेशनरी' या एकाच नावाखाली सगळं बिल १८ टक्क्यांनी केलं असतं तर कर २,०४१.२० झाला असता. म्हणजे संस्थेकडून १,३६९.२० रुपये जास्त घेतले गेले असते. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला त्यातला एक रुपयाही क्रेडिट म्हणून परत मिळत नाही.

टॅलीत हे वाटप हाताने करावं लागत नाही. भाड्याच्या लेजरमध्ये `Include in Assessable Value Calculation` या जागी `GST` निवडा, पुढे `Goods` आणि `Based on Value`. बिलावरची सूटही अशीच. बिलातच दाखवलेली सूट कर मोजण्याआधी सगळ्या ओळींत वाटली गेली पाहिजे. फक्त शेवटच्या आकड्यातून वजा केली तर कर जास्त लागतो.

एक गोष्ट बिलाच्या शीर्षकाची. माफ आणि करपात्र माल एकाच कागदावर देण्याची सोय नियम ४६अ मध्ये आहे आणि त्या कागदाला 'इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय' म्हणतात. पण हा नियम नोंदणी नसलेल्या ग्राहकापुरताच बोलतो. समोरची पार्टी नोंदणीकृत असेल तर करपात्र मालाचं टॅक्स इन्व्हॉइस आणि वह्या-पेन्सिलींचं बिल ऑफ सप्लाय असे दोन कागद करणं नियमाला धरून होईल. बाजारात सगळं एकाच इन्व्हॉइसवर जाताना दिसतं, पण दोन वेगळ्या मालिका एकदा लावून घेतल्या की कामाला काही जड जात नाही.

शालेय संच

जूनच्या तोंडावर 'दप्तर, सहा वह्या, कंपास, पेन्सिल डबा, सगळं मिळून अमुक रुपये' असे संच निघतात. वेगवेगळ्या दरांच्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वस्तू एकाच किमतीला एकत्र विकल्या की कायद्याच्या भाषेत ती मिश्र विक्री होते आणि संपूर्ण संचाला त्यातला सर्वांत जास्त दर लागतो. दप्तर १८ टक्क्यांत आहे, म्हणून त्या संचातल्या माफ वह्यांवरही १८ टक्के बसतात. संच विकायचाच असेल तर प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी ठरवा, ती बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा, आणि गिऱ्हाईकाला हवी ती वस्तू सुटी घेता येईल असं ठेवा. बिलावर नुसत्या ओळी फोडल्या पण दुकानात आणि जाहिरातीत एकच किंमत, असं केलं तर ते टिकायचं नाही.

रिटर्नमध्ये ताळा कसा घ्यायचा

मे २०२५ च्या जीएसटीआर-१ पासून तक्ता १२ चे दोन भाग झाले आहेत, नोंदणीकृत ग्राहकांना विक्री एकीकडे आणि इतरांना विक्री दुसरीकडे. कोडही आता हाताने टाइप करता येत नाही, यादीतून निवडावा लागतो. वरचं बिल तक्ता १२ च्या दुसऱ्या भागात पाच ओळींत दिसेल, त्यातल्या दोन 4820 च्या: एक ५,०४० शून्य दराने, एक २,३१० अठरा टक्क्यांनी. तीच विक्री तक्ता ७ मध्ये दरानुसार जाईल, ३,१५० आणि २,१००. करमाफ ६,०९० तक्ता ८ मध्ये 'एक्झेम्प्टेड' या रकान्यात. ३,१५० अधिक २,१०० अधिक ६,०९० म्हणजे ११,३४०, आणि तक्ता १२ ची बेरीजही तेवढीच. जुळलं नाही तर पहिल्यांदा तक्ता ८ पाहा. शून्य दराने `Taxable` ठेवलेला माल तिथे आलेला नसतो आणि फरक नेमका तेवढ्याच रकमेचा निघतो.

तक्ता ८ मधला आकडा तुमच्या इनपुट क्रेडिटवरही परिणाम करतो, हे सी.ए.शी बोलून घ्या. दुकानाचं भाडं, फोन, हिशेबाची फी अशा सामाईक खर्चावरचं क्रेडिट करमाफ विक्रीच्या प्रमाणात दर महिन्याला उलटवावं लागतं. वह्या माफ झाल्यापासून स्टेशनरीवाल्यांच्या बाबतीत ही रक्कम नगण्य राहिलेली नाही.

आधी गेलेल्या चुकीच्या बिलांचं काय

जास्त टॅक्स घेतला असेल तर तो स्वतःकडे ठेवता येत नाही. कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारला भरावीच लागते, लागू नसली तरी. ती कमी करायची तर कलम ३४ खाली मूळ बिलाचा संदर्भ देऊन क्रेडिट नोट काढा. पार्टी नोंदणीकृत असेल तर तिने त्या रकमेचं क्रेडिट उलटवलेलं असावं. नोंदणी नसेल तर ते पैसे खरोखर तिला परत केलेले असावेत आणि त्याची नोंद तुमच्याकडे असावी. ही क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या तारखेपर्यंत.

टॅक्स कमी लावला असेल, म्हणजे रजिस्टर माफ म्हणून गेलं असेल, तर डेबिट नोट काढा आणि फरक लगेच भरा. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं. नोंदणीकृत पार्टी डेबिट नोटेवर क्रेडिट घेऊ शकते, त्यामुळे ती सहसा फरक द्यायला तयार होते. नोंदणी नसलेली संस्था मात्र देईलच असं नाही, आणि तो फरक तुमच्या नफ्यातून जातो. म्हणून जुनी बिलं तपासायला बसलात तर आधी रजिस्टर, पावती पुस्तक, डायरी आणि सुट्या पट्ट्या-कर्कटकांची बिलं काढा, वह्यांची नंतर.